रेशीम मार्गाचं पाच गुणांचं उत्तर : वस्तू, धर्म आणि रोगसुद्धा



मागच्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चौथीत माझ्याकडे होता, आता अकरावीत आहे. चाचणीत ‘आशिया व युरोप यांना जोडणाऱ्या खुष्कीच्या मार्गांमुळे झालेली देवाणघेवाण स्पष्ट करा’ असा पाच गुणांचा प्रश्न होता. त्याला दोन मिळाले. वही बघितली तर रेशीम, कागद, घोडे, काच, बौद्ध धर्म, इस्लाम, प्लेग, सगळं होतं. चूक एकही नव्हती. पण ती नुसती यादी होती, वाण्याला द्यावी तशी.

तो म्हणाला, “मॅडम, रेशीम देतात-घेतात हे समजतं. पण रोगाची देवाणघेवाण म्हणजे काय? रोग कोण विकत घेतं?”

खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही. डी.एड.ला हा भाग आम्ही पाठच केला होता. दोन दिवस वाचून मग त्याला एका स्मशानभूमीची गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगते.

आधी एक गैरसमज काढू. नकाशात चीनपासून भूमध्य समुद्रापर्यंत एक लाल रेघ असते. त्यामुळे मुलांना वाटतं की एकच व्यापारी उंट घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. ‘रेशीम मार्ग’ हे नावसुद्धा त्या व्यापाऱ्यांचं नाही. १८७७ मध्ये रिख्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने ते रूढ केलं. प्रत्यक्षात ते अनेक वाटांचं जाळं होतं. बहुतेक व्यापारी आपल्या टप्प्यापुरते जायचे, माल पुढच्याला विकायचे आणि परत फिरायचे. पाणी भरताना रांगेत हातोहात घागर पुढे जाते ना, तसं.

आता ती स्मशानभूमी. आजच्या किर्गिझस्तानात, बिश्केक शहराजवळ कारा-जिगाच नावाचं ठिकाण आहे. तिथे आणि जवळच्या बुराना इथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रशियन संशोधकांनी जुनी थडगी खणली. दगडांवर ख्रिस्ती क्रूस होते आणि लेख सिरियाक लिपीत होते. ही लिपी पश्चिम आशियातली. म्हणजे मध्य आशियाच्या डोंगरांत राहणाऱ्या माणसांचा धर्म आणि लिपी हजारो किलोमीटरवरून, इराणमार्गे आली होती. थडग्यांत मोती आणि पोवळीही सापडली. तिथून समुद्र किती लांब, हे मुलांना नकाशात बोटाने मोजायला लावा.

वस्तू झाली, धर्म झाला. आता रोग. दोन्ही ठिकाणचे वर्ष नोंदलेले ४६७ दगड १२४८ ते १३४५ या काळातले आहेत. त्यांपैकी ११८ फक्त १३३८ आणि १३३९ या दोन वर्षांतले! उरलेल्या वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला तीन-चार दगड येतात. (हे गणित मुलांकडूनच करून घ्या.) काही दगडांवर मृत्यूचं कारण ‘साथ’ असं कोरलेलं आहे. कसली साथ, ते २०२२ मध्ये कळलं. संशोधकांनी सात जणांच्या दातांतला डीएनए तपासला, तेव्हा तिघांत प्लेगचा जिवाणू सापडला. पुढे युरोपात ज्या प्लेगने हाहाकार केला, त्याच्या मुळाशी असलेला हा प्रकार होता.

प्लेग मुळात बिळात राहणाऱ्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचा रोग. त्यांच्या अंगावरच्या पिसवा चावल्या की माणसाला होतो. तांडा मुक्कामाला थांबला, धान्य आणि कातडी उतरली, पुन्हा लादली, की त्यांच्याबरोबर रोगही पुढच्या टप्प्यावर जाऊ शकतो. १३४७ पर्यंत तो काळ्या समुद्रावरच्या काफा बंदरातून जहाजांनी इटलीला पोहोचला. मधल्या आठ वर्षांत तो नेमका कुठल्या वाटेने गेला, याचा पक्का पुरावा नाही. म्हणून ‘व्यापारी मार्गांमुळे प्रसाराला मदत झाली’ एवढंच लिहावं. ‘रेशीम मार्गानेच प्लेग आणला’ असं ठोकून देऊ नये.

मग आम्ही दोघांनी बसून उत्तर असं लिहिलं :

‘आशिया व युरोप यांना जोडणारा खुष्कीचा मार्ग हा एकच रस्ता नसून अनेक वाटांचे जाळे होते. माल टप्प्याटप्प्याने हातोहात पुढे जाई. त्यामुळे चीनचे रेशीम पश्चिमेकडे, तर घोडे व काचेच्या वस्तू चीनकडे गेल्या. तांडे जिथे मुक्काम करत तिथे वस्त्या वाढल्या व बौद्ध, ख्रिस्ती, इस्लाम हे धर्म रुजले. याच संपर्कामुळे रोगही पसरले. उदा. किर्गिझस्तानातील कारा-जिगाच येथील ख्रिस्ती वस्तीत १३३८-३९ मध्ये प्लेगने अनेक लोक मेले. काही वर्षांतच ही साथ युरोपात पोहोचली. तिच्या प्रसाराला व्यापारी मार्गांची मदत झाली असावी.’

त्याने वही मिटली आणि विचारलं, “मॅडम, ते थडग्यातले मोती कोणाच्या गळ्यात होते?” ते उत्तरात लिहायचं नसतं. पण त्यानंतर अर्धा तास आम्ही तेच बोलत होतो.