‘Ibid.’ म्हणजे नेमकं कोण?

प्रबंधाचं पुस्तक करायला घेतलं तेव्हा प्रकाशकाकडून मेल आली: मजकूर ठीक आहे, फक्त संदर्भ शिकागोतून एपीएमध्ये करून पाठवा. मी मनात म्हटलं, एका दुपारचं काम. त्याला नऊ दिवस लागले.

माझं हस्तलिखित इंग्रजीत आहे, विषय एकोणिसाव्या शतकातलं मराठी स्त्रियांचं लेखन. शिकागोच्या ज्या पद्धतीत मी लिहिलं होतं तिच्यात वाक्यावर छोटा आकडा येतो, पुस्तकाची माहिती पानाच्या तळाशी जाते आणि शेवटी पूर्ण सूची असते. एपीएत तळटीप नसते. वाक्यातच कंसात आडनाव आणि साल लिहायचं, बाकी तपशील शेवटच्या सूचीत. म्हणजे आतापर्यंत जे पायाशी होतं, ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतं.

माझे अर्धेअधिक संदर्भ झोटेरोत होते. वर्डमध्ये झोटेरोच्या `Document Preferences`मध्ये जाऊन शैली बदलली आणि बऱ्याच तळटिपा उडून कंसात बसल्या. मजा वाटली. पण एमएच्या काळात हाताने टाइप केलेल्या टिपा जागच्या हलल्या नाहीत. झोटेरोच्या लेखी ते संदर्भ नव्हतेच, नुसता मजकूर होता. त्या एकेक करून झोटेरोत भरायच्या, वाक्यात संदर्भ घालायचा आणि मग टीप पुसायची. त्याआधी जुन्या फाइलची एक प्रत वेगळी ठेवली. तिचा किती उपयोग होणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

हाताने केलेल्या टिपांत `Ibid.` अकरा ठिकाणी होतं. मराठीत आपण ‘तत्रैव’ म्हणतो: वरच्याच टिपेतलं पुस्तक. एपीएत ही सोय नाही, प्रत्येक वेळी नाव आणि साल द्यावं लागतं. मग अकरा वेळा विचारावं लागलं, ‘तत्रैव’ म्हणजे नेमकं कोण?

त्रेसष्ठावी टीप होती `Ibid., 17`. वरची बासष्ठावी टीप पंडिता रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या १८८७च्या इंग्रजी पुस्तकाची. म्हणून तिथे रमाबाई घातल्या. पण ते वाक्य वाचताना अडखळले. ते विधवांवरच्या बंधनांबद्दलचं होतं, आणि पुढे कंसात लिहिलं होतं, ‘भाषांतर माझं’. रमाबाईंचं पुस्तक मुळातच इंग्रजी, मग मी भाषांतर कशाचं केलं? जुना मसुदा उघडला. तिथे बासष्ठावी टीपच नव्हती. ‘तत्रैव’च्या वर ताराबाई शिंदे होत्या. नंतर कधीतरी मध्ये एक परिच्छेद घातला, त्यासोबत रमाबाईंची टीप आली, आणि खालचं `Ibid.` गुपचूप दुसऱ्या बाईकडे बोट दाखवू लागलं. ताराबाईंचं वाक्य मी रमाबाईंच्या तोंडी घातलं होतं, आणि ते तसंच प्रबंधात तपासून, मंजूर होऊन गेलं होतं.

अकरापैकी अशा दोन जागा निघाल्या. त्यानंतर एक नियम केला. टिपेवरून टीप बदलायची नाही. पुस्तक उघडायचं, ते पान काढायचं, वाक्य तिथे आहे ना ते बघायचं आणि मगच कंस भरायचा. नऊ दिवस लागले ते यात.

दुसरी गोष्ट सालाची. ताराबाईंचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२मध्ये निघालं. सुरतेत एका तरुण ब्राह्मण विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली, त्यावरून वर्तमानपत्रांत सगळ्याच बायकांना नावं ठेवली गेली, त्या संतापातून ते लिहिलेलं आहे. पुढे ते पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते संपादित करून १९७५मध्ये पुन्हा छापलं. माझ्याकडे तीच आवृत्ती, म्हणून झोटेरोत साल तेच. तळटिपेत ते शेवटी, चारचौघांत बसलेलं होतं, कुणाला खुपत नव्हतं. एपीएत मात्र वाक्यातच आलं:

```
(Shinde, 1975)
```

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. ज्याला ताराबाई माहीत नाहीत, त्याला वाटेल की ही बाई त्या लाटेत लिहायला लागली. माझ्या अख्ख्या प्रकरणाचा मुद्दा होता की हे त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी लिहिलं गेलं, आणि माझाच कंस मला खोटं पाडत होता.

यावर एपीएत उपाय आहे. पुनर्मुद्रित पुस्तकाला दोन्ही सालं देतात, आधी मूळचं, मग हातातल्या आवृत्तीचं. झोटेरोत त्या नोंदीच्या `Extra` या रकान्यात एक ओळ लिहायची:

```
Original Date: 1882
```

मग वाक्यात `(Shinde, 1882/1975)` येतं. ही ओळ घालायला काही सेकंद पुरतात. पण ती कुठल्या पुस्तकांना लागते, हे यंत्र सांगत नाही. मी सूची सालांच्या क्रमाने लावली आणि लेखिकेच्या मृत्यूनंतरचं साल जिथे जिथे दिसलं, तिथे थांबले. असे चौदा निघाले.

तिसरी गोष्ट नावांची. शिकागोच्या सूचीत माझ्याकडे `Shinde, Tarabai` होतं. एपीए पहिल्या नावाचं एकच अक्षर ठेवते, `Shinde, T.`. रमाबाई रानडे `Ranade, R.` होतात, लक्ष्मीबाई टिळक `Tilak, L.`. नियम सगळ्यांना सारखा, पुरुषांचंही तेच होतं. पण बायकांच्या लेखनावरच्या पुस्तकाची सूची वाचताना त्यात बाई कोण हेच कळत नव्हतं.

पंडिता रमाबाईंची गंमत तर वेगळीच. मी ‘पंडिता’ पहिल्या नावाच्या रकान्यात भरलं होतं, म्हणून सूचीत `Ramabai, P.` आलं. तो `P` म्हणजे नाव नाही, ती कलकत्त्यात मिळालेली पदवी आहे. पदव्या एपीएत गाळतात, आणि रमाबाई हे आडनाव नाही. शेवटी झोटेरोत नावाशेजारचं बटण दाबून दोन रकान्यांचा एक केला आणि `Ramabai Sarasvati` असं अखंड लिहिलं. एका रकान्यातलं नाव यंत्र तोडत नाही.

बाकीच्या अक्षरांपुढे शैलीचा इलाज नव्हता, पण वाक्य माझं होतं. प्रत्येक लेखिकेचा पहिला उल्लेख मी वाक्यात पूर्ण नावाने केला आणि कंसात आडनाव-साल ठेवलं. झोटेरोतली पूर्ण नावं तर अजिबात छाटली नाहीत. ‘ताराबाई’चं `T.` यंत्र केव्हाही करून देतं. `T.`वरून ताराबाई परत आणायची तर पुन्हा ग्रंथालय गाठावं लागतं. उद्या दुसरा प्रकाशक शिकागो मागेल, तेव्हा ती नावं हाताशी असतील.

नवव्या दिवशी फाइल पाठवली. सोबत विद्यापीठालाही एक पत्र लिहिलं: माझ्या प्रबंधात दोन तळटिपा चुकीच्या व्यक्तीकडे जातात, त्यांतली एक त्रेसष्ठावी. ते वाक्य ताराबाई शिंदे यांचं आहे.