शेअर शंभरचा, कर दोनशे पंच्याऐंशीवर

बाबांच्या पश्चात कोल्हापूरजवळच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कारखान्याचे ५,००० शेअर माझ्या नावावर आले. कंपनीचे एकूण शेअर एक लाख, दर्शनी किंमत १० रुपये. बाबांचे भागीदार, ज्यांना मी काका म्हणते, म्हणाले, "पोरी, मी शंभरने घेतो. पुस्तकी किंमत नव्वद आहे." भाव मला ठीक वाटला. दहाचे शंभर झाले, त्यावर काय तो कर भरायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सीए मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "कंपनीची जमीन आहे?" त्या प्रश्नाचा माझ्या शेअरशी काय संबंध, हेच मला कळेना. शेअर विकायचेत, जमीन नव्हे.

संबंध होता. बाजारात नोंद नसलेला शेअर वाजवी मूल्यापेक्षा कमी भावाने विकला, तर १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ५०सीए ते वाजवी मूल्यच विक्रीची किंमत मानतं. हातात आलेले पैसे कितीही असोत. आणि वाजवी मूल्य ठरतं नियम ११यूएच्या सूत्राने. बहुतेक मालमत्ता पुस्तकी किमतीला धरतात, पण जमीन आणि इमारत मात्र मुद्रांक शुल्काच्या दराने, म्हणजे रेडी रेकनरने. त्यातून देणी वजा करून शेअरच्या संख्येने भागायचं.

मॅडमनी कागदावर मांडून दाखवलं. जमीन आणि शेड ताळेबंदात १५ लाखांना होती, जुन्या खरेदीच्या भावाने. यंत्रं, माल, येणी वगैरे १ कोटी ३५ लाख. देणी ६० लाख. असे ९० लाख उरतात, म्हणजे शेअरला ९० रुपये. काकांचा हिशेब खरा होता. पण रेडी रेकनरने तीच जमीन आणि शेड २ कोटी १० लाखांची. मग उरतात २ कोटी ८५ लाख, शेअरला २८५ रुपये.

"पण माझे पाचच टक्के आहेत. एवढ्याशा हिश्श्याला कोण तेवढा भाव देईल?" मी विचारलं. त्यांचं उत्तर मला अजून खटकतं: सूत्रात छोट्या हिश्श्यासाठी सूट नाही. भविष्यातल्या नफ्यावरून काढलेलं मूल्यही इथे चालत नाही. त्यामुळे जमीन नसलेली, पण भरपूर कमावणारी कंपनी या सूत्रात स्वस्त दिसू शकते आणि जुन्या जमिनीवरचा साधा कारखाना महाग.

मग मुदतीचा गुंता. असे शेअर २४ महिन्यांहून जास्त काळ धरले तरच नफा दीर्घकालीन ठरतो. माझ्याकडे ते येऊन वर्षही झालं नव्हतं. पण वारशात वडिलांचा काळ आणि वडिलांची खरेदी किंमत दोन्ही मुलीकडे येतात. बाबांनी २००४ मध्ये १० रुपयांनी घेतलेले ४,००० शेअर म्हणून दीर्घकालीन. उरलेले १,००० बोनसचे होते, एप्रिल २०२३ मध्ये वाटलेले. बोनसची खरेदी किंमत शून्य, आणि मुदत वाटपाच्या तारखेपासून. ते मार्च २०२५ मध्ये विकले असते, तर २८५ च्या हिशेबाने २,८५,००० रुपये माझ्या पगारात मिसळून ३० टक्क्यांनी ८५,५०० रुपये कर लागला असता. दीर्घकालीन झाल्यावर तेवढ्याच रकमेवर साडेबारा टक्क्यांनी ३५,६२५, उपकर वेगळा. शेअर कागदी प्रमाणपत्रांवर होते, त्यामुळे कोणते विकतोय हे क्रमांकांवरून दाखवता येत होतं. बोनसचे बाजूला ठेवले.

४,००० शेअर शंभरने विकले असते, तर हाती आले असते चार लाख. नफा मात्र २८५ ने धरून ११ लाख आणि कर उपकरासह १,४३,०००. तिकडे काकांच्या उत्पन्नातही फरकाचे ७,४०,००० रुपये मिळवले गेले असते, कारण कमी भावात घेणाऱ्यालाही कर आहे. जवळच्या नातलगाकडून घेतलं असतं तर ते सुटले असते. काका नात्याने नव्हे, मायेने काका. शिवाय विकणाऱ्याला नात्याचीही सवलत नाही.

हा कागद पाहून काका बराच वेळ गप्प बसले. शेवटी म्हणाले, "जमीन बाजारात याहून जास्त जाईल. दोनशे पंच्याऐंशीने घेतो." विक्रीची तारीख आम्ही मुद्दाम ३१ मार्च २०२५ धरली. सूत्राला विक्रीच्या दिवसाचा लेखापरीक्षित ताळेबंद लागतो, आणि मधल्याच एखाद्या दिवशी विकलं तर फक्त त्यासाठी वेगळं ऑडिट करावं लागतं. ३१ मार्चचं ऑडिट एरवीही होतंच. ऑडिटनंतर आकडा वाढला तर फरक काका देतील, असं करारात लिहिलं. कर मी त्याच दिवशी आगाऊ भरला.

बोनसचे १,००० शेअर आता ३१ मार्च २०२६ ला विकणार आहे. १ एप्रिल २०२५ पासून रेडी रेकनर वाढला आहे, तेव्हा जमिनीचा आकडा आधी नव्याने काढून मगच काकांशी भाव बोलायचा.