चांगला कॅन्सर

दोस्तहो, भुकेवर आपण लिहिलं, मारावर लिहिलं, जाळलेल्या वस्तीवर लिहिलं. आजारी माणसाच्या भीतीवर मात्र आपल्यातलं कुणी फारसं लिहीत नाही. कुणी अंथरुणाला खिळला की आपण जातो, जयभीम करतो, चार केळी उशाशी ठेवतो नि म्हणतो, 'तू लढवय्या आहेस. लढ.' झालं, त्याचं तोंड बंद. लढवय्यानं रात्री रडायचं कसं?

मी ऐकीव सांगत नाही. माझं वय सव्वीस. तुर्भ्याच्या पट्ट्यात एका कापड मिलमध्ये रंगखात्यात आहे. मानेला गाठ आली. दुखत नव्हती. रात्री घामानं बनियन भिजायचं, अंगात कणकण, वजन उतरत चाललेलं. वस्तीतल्या डॉक्टरनं टीबी धरला. आपल्या वस्त्यांत मानेची गाठ बऱ्याचदा टीबीचीच निघते, नि लक्षणंही सारखी. तीन महिने गोळ्या खाल्ल्या. गाठ बसली नाहीच, शेजारी दुसरी उठली. मग एक गाठ काढून तपासली तेव्हा नाव कळलं : हॉजकिन लिम्फोमा. थॉमस हॉजकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरानं १८३२ साली नोंदलेला हा आजार ऐन जवानीतल्या पोरांना बराच धरतो. उपचार खारघरला, टाटा मेमोरियलच्याच अ‍ॅक्ट्रेकमध्ये. चार औषधं सलाइनमधून, दर पंधरा दिवसांनी, सहा महिने. म्हणजे बारा खेपा.

हा आजार बहुतेकांचा बरा होतो. म्हणून जो तो सांगायचा, 'नशीबवान आहेस, चांगला कॅन्सर झालाय.' बाकड्यावर शेजारी जबडा काढलेला म्हातारा बसलेला असायचा. त्याच्याकडं बघितलं की वाटायचं, आपण कुठल्या तोंडानं रडायचं? आईला मी 'गाठीचं औषध चालू आहे' एवढंच सांगितलं होतं. तिला सगळं ठाऊक होतं, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे, हे तिलाही माहीत होतं. दहा बाय दहाच्या खोलीत दोघं एकमेकांना सांभाळत गप्प. आईपासून पोर लपवतं, पोरापासून आई लपवते, नि भीती दोघांना एकेकटं गाठून खाते. घरोघरी हेच चालतं.

हे सगळं मनाच्या कमजोरीचं लक्षण नाही. न्यूयॉर्कच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात जिमी हॉलंड नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९७७ पासून हेच काम उभं केलं. त्यांनी एक साधारण क्रम सांगितला. निदान कळल्यावर पहिले काही दिवस माणूस सुन्न असतो, 'रिपोर्ट दुसऱ्याचा असेल' म्हणतो. मग आठवडा-दोन आठवडे झोप उडते, घास उतरत नाही, बारीकसारीक गोष्टीवर संताप येतो. पुढं हळूहळू तो रोजच्या कामाला हात घालतो. हे होणारच. ज्याला झालं, तो भित्रा नव्हे.

यातनं कोण स्वतःच सावरतोय नि कोण बुडतोय, हे ओळखायला एक कागद आहे. त्यावर तापमापीचं चित्र, शून्य ते दहा आकडे. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. गेल्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, किती त्रास होता त्यावर खूण करायची. हा कागद १९९८ पासून वापरात आहे. बापयांना 'तुम्हाला नैराश्य आहे का' विचारलं तर ते नाही म्हणतात, पण आकडा सांगतात. चार किंवा वर गेला की बसून बोलायला हवं. माझी खूण सातावर होती.

खाली यादी असते : पैसा, प्रवास, नोकरी, मुलं, भीती, उदासी, झोप, मळमळ. मी सगळ्यात आधी 'पैसा' नि 'नोकरी' यावर खूण केली. समाजसेविकाबाईंनी मनाचं राहू दिलं नि विचारलं, 'ईएसआयचं कार्ड आहे?' होतं. साध्या आजाराला ईएसआयमधून वर्षाला ९१ दिवस सत्तर टक्के पगार मिळतो. कॅन्सरसारख्या लांबलचक आजाराला, नोकरीची नि वर्गणीची अट पुरी असेल तर, दोन वर्षांपर्यंत ऐंशी टक्के मिळतो. हे मिलमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. कागद भरले, नि पुढच्या खेपेला माझा आकडा पाचावर आला. गोळी नाही, प्रवचन नाही. कामगाराच्या मनातलं निम्मं दुखणं त्याच्या पगारपत्रकात असतं. ज्या कंत्राटी पोरांकडं कार्डच नाही, त्यांच्या आकड्याचं काय, हे आपल्या युनियनांनी विचारायचं आहे.

उरलेलं मात्र पैशानं हटणारं नव्हतं. माझ्या चार औषधांतलं एक लालभडक. चौथ्या महिन्यात असं झालं की खारघर स्टेशन आलं की पोटात ढवळायचं. सलाइन लागायच्या आधीच उलटी. पुढं तर रंगखात्यात लाल रंगाचं पिंप उघडलं तरी ओकारी यायची. पोरं हसली, मला वाटलं वेड लागतंय. डॉक्टरनं समजावलं : औषधानं उलटी होते, त्या वेळी डोळ्यांनी नि नाकानं जे टिपलं ते शरीर त्याच्याशी बांधून ठेवतं. मग औषध नसलं तरी नुसता रंग, नुसता वास पुरतो. हे एकदा बसलं की उलटीच्या नेहमीच्या गोळ्यांना फारसं जुमानत नाही. अंग सैल सोडायचा, सावकाश श्वासाचा सराव नि आदल्या रात्री धास्ती कमी करणारी गोळी, यांनी ते उतरतं. खरा इलाज म्हणजे पहिल्या खेपेपासूनच उलटी होऊ न देणं. म्हणून पहिल्या खेपेनंतर उलटी झाली तर 'होतंच असं' म्हणून गिळू नका, डॉक्टरला सांगा.

बुडणाऱ्याला ओळखताना गफलत होते. भूक नाही, झोप नाही, अंगात त्राण नाही, ही उदासीची लक्षणं खरी. पण किमोनंही हेच होतं. त्यावरून मोजू नये. विचारायचं ते हे : जे आवडायचं त्यात मन लागतं का? आपण घरावर ओझं आहोत असं वाटतं का? पुढचं काही दिसतं का? दोन आठवडे रोजचाच अंधार असेल, तर मनाच्या डॉक्टरकडं न्यायचं. नि मरायचा विचार बोलून दाखवला, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी.

आणखी एक. शेवटचं सलाइन झालं तेव्हा वस्तीत पेढे वाटले. माझी भीती तेव्हा वाढली. उपचार चालू असताना दर पंधरा दिवसांनी कुणीतरी मान चाचपून बघायचं. आता तीन महिन्यांनी. मधल्या काळात साधी सर्दी झाली तरी हात मानेवर जातो. तपासणीच्या आदल्या आठवड्यात झोप नसते. हे पुष्कळांना होतं, नि नेमकं तेव्हाच भेटायला येणारे थांबलेले असतात.

तेव्हा कार्यकर्ते दोस्तहो, पुढच्या खेपेला आजाऱ्याकडं जाल तेव्हा 'लढ' म्हणू नका. खाली बसा. विचारा, 'रात्री झोपलास का? शून्य ते दहा, किती?' तो आकडा सांगेल. मग गप्प राहून ऐका. पेढे खाऊन झाल्यावरही जा.