तीन समुद्र आणि एक पडीक शेत

माझ्या वर्गाच्या भिंतीवर सातवाहनांचा तक्ता होता. सिमुक, कृष्ण, पहिला सातकर्णी, हाल, गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञश्री, प्रत्येकापुढे सन. गौतमीपुत्रापुढे इ.स. 106 ते 130. तक्ता मीच रंगवला होता आणि त्याचा मला अभिमान होता. मुलं तो पाढ्यासारखा म्हणायची. एखाद्याने मधलाच राजा गाळला की पुढचे सगळे एकेक पिढी वर सरकायचे आणि वर्ग हसायचा. मीही हसायचो. गौतमीपुत्राबद्दलचा सगळ्यात मोठा पुरावा आमच्या शाळेतून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर, डोंगरात कोरलेला आहे हे मला ठाऊक होतं. पण पांडवलेणी ही माझ्या लेखी सहलीची जागा होती, धड्याची नव्हे.

पुढे एका शिक्षक प्रशिक्षणात 'साधनांच्या आधारे इतिहास' हे शब्द कानावर पडले आणि मी उत्साहाने सहावीचा वर्ग लेण्यांवर नेला. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत सगळ्यांना बसवलं. वर भिंतीवर ब्राह्मीतल्या ओळी. त्या मला वाचता येत नव्हत्या, आजही येत नाहीत. वा. वि. मिराशींच्या सातवाहनांवरच्या मराठी ग्रंथाच्या आधारे मी टिपणं काढून नेली होती. शक, यवन आणि पल्हवांचा नाश करणारा, क्षहरात वंशाचं नाव पुसून टाकणारा, ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा राजा. 'त्रिसमुद्रतोयपीतवाहन' हा शब्द मी वहीत लिहून घ्यायला लावला आणि खाली दोन रेघा ओढायला सांगितल्या.

एका मुलीने विचारलं, "सर, हे कुणी लिहिलंय?"

मी म्हणालो, गौतमी बलश्रीने. राजाच्या आईने.

"मग आई चांगलंच लिहिणार ना!"

सगळे हसले. मला वाटलं, ही माझ्या धड्याची थट्टा करते आहे. "दोन हजार वर्षांच्या लेखाबद्दल असं बोलायचं नसतं," असं काहीतरी करड्या आवाजात सांगून मी पुढे वाचू लागलो. तिने वहीत डोकं घातलं. त्या वर्षी तिने पुन्हा काही विचारल्याचं मला आठवत नाही, आणि तिचं पाहून इतरांनीही नाही.

सहामाहीचे पेपर तपासताना या चुकीची किंमत दिसली. गौतमीपुत्रावरच्या प्रश्नाला सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं. ते माझं होतं. घाईत मी एका प्रदेशाचं नाव चुकीचं उच्चारलं होतं, तेही इमानेइतबारे तसंच आलं होतं. तक्ता भिंतीवरून काढून मी लेण्यात नेऊन टांगला होता, एवढाच काय तो फरक.

त्या मुलीने विचारलं तिथूनच खरं तर अभ्यासाला सुरुवात होते. मी सोयीने गाळलेला भाग पुन्हा वाचला. हा लेख म्हणजे मुळात दानपत्र आहे. बलश्रीने ते लेणं भदावनीय पंथाच्या भिक्षूंना दिलं, त्याची ती नोंद. काळ दिला आहे तो पुळुमावीच्या राज्याच्या 19 व्या वर्षातला, ग्रीष्मातल्या दुसऱ्या पक्षाचा तेरावा दिवस. म्हणजे गौतमीपुत्राच्या गादीवर दुसरा राजा येऊन बराच काळ लोटला होता, आणि नातवाच्या राज्यात आजी आपल्या मुलाबद्दल लिहीत होती. मी मुलांना दान सांगितलं नव्हतं, घेणारे सांगितले नव्हते, दिवसही सांगितला नव्हता. विशेषणं तेवढी वाढली होती. आणि माझ्या तक्त्यातले 106 आणि 130 त्या भिंतीवर कुठेच नव्हते.

पुढच्या वर्षी मी उलट्या दिशेला गेलो, आणि ही चूक मला पहिलीपेक्षा जास्त बोचते. वर्गात मी प्रशस्ती म्हणजे काय ते समजावलं. राजे स्तुती करवून घेतात, तिच्यावर विश्वास ठेवायचा नसतो, वगैरे. मुलांना हे फार आवडलं, कारण त्यात अभ्यास काहीच नव्हता. एका मुलाने चाचणीत लिहिलं, "शिलालेख खोटे असतात." दुसऱ्याने विचारलं, "मग नहपान पण नव्हताच का, सर?" मी त्यांना तपासायला शिकवलं नव्हतं, फक्त नाक मुरडायला शिकवलं होतं. आधी ती माझ्यावर विश्वास ठेवून एक वाक्य पाठ करत होती, आता माझ्याच विश्वासावर दुसरं.

यातून बाहेर काढलं ते नाण्यांनी. 1906 साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींची टेकडी उमटली आहे, मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह. काही नाण्यांवर त्या टेकडीखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं.

अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत अशी नाणी जवळून पाहिल्यावर मी वर्गासाठी मोठे फोटो तयार केले. इथेही आधी चुकलोच. फोटो अशा क्रमाने मांडले की मुलांना एकाच उत्तरापर्यंत पोचता यावं: आधी नहपान, मग ठसा, मग लेखातलं क्षहरातांबद्दलचं वाक्य. मुलं हुशार असतात. पुरावा बघण्याऐवजी ती माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देत होती, आणि उत्तर बरोबर आलं की माझा चेहरा खुलत होता.

मग मी नावं काढून टाकली. फक्त ठसा मारलेल्या नाण्याचा फोटो द्यायचा आणि विचारायचं, काय दिसतंय? सुरुवातीला वर्गात नुसती शांतता असायची आणि ती मला सहन होत नसे. मग कुणीतरी म्हणायचं, दोन चित्रं एकमेकांवर आहेत. वरचं कोणतं? नंतरचं कोणतं? एका मुलाने सांगितलं, "खालचं नाणं दुसऱ्याचं असेल तर वरच्याच्या हातात ते आलंय, एवढं नक्की." कसं आलं, ते नाणं सांगत नाही. लुटीत, खंडणीत की बाजारातून? एखाददुसरं नाणं बाजारातूनही येईल, पण हजारो? इथवर आल्यावर मी बलश्रीचं वाक्य फळ्यावर लिहायचो. आईच्या स्तुतीतला एक दावा आता दुसऱ्या, तिच्याशी संबंध नसलेल्या साक्षीदाराने उचलून धरला होता. त्याच ओसरीतल्या आणखी एका लेखात, राज्याच्या 18 व्या वर्षी, गौतमीपुत्र भिक्षूंना 200 निवर्तने शेत देतो आणि ते आजवर उषवदाताकडे होतं असं नमूद करतो. उषवदात हा नहपानाचा जावई. हा तिसरा साक्षीदार, आणि तो तर जमिनीचा कागद.

तीन समुद्रांचं काय? त्यासाठी मुलं लेखातली नावं नकाशावर भरायची. प्रदेशांची नावं भरली की रंग बहुतेक पश्चिम आणि मध्य भारतात जमा होतो: अपरांत, सुराष्ट्र, कुकुर, अनूप, विदर्भ, आकरावंती, आपला मूलक. पर्वतांची नावं भरली की तो थेट मलय आणि महेंद्रापर्यंत पसरतो. एकाच लेखात दोन वेगळे आकार. कुठला राज्याचा आणि कुठला कवित्वाचा, यावर मुलं भांडायची. मग मी जुनागढचा खडक पुढे करायचो. तिथे दुसऱ्या क्षत्रप घराण्यातला रुद्रदामन, शक 72 म्हणजे इ.स. 150 च्या सुमारास, आपल्या प्रदेशांची यादी देतो. तिच्यात सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, आकरावंती आहेतच. वर दक्षिणापथपती सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून संपवलं नाही, असंही तो म्हणतो. अर्थात हीसुद्धा प्रशस्तीच. तेव्हा शंका दोन्ही बाजूंना लागू करून पाहायची. नाक मुरडणाऱ्या वर्षी मला हे सुचलं नव्हतं.

सनांच्या बाबतीत मात्र मी मुलांना खड्ड्यात ढकललं. नहपानाच्या लेखांत 41, 42, 45 अशी वर्षं येतात आणि जुन्नरच्या लेखात 46. ती शकसंवताची मानली तर नहपान इ.स. 124 पर्यंत येतो आणि माझा 106 ते 130 जुळतो. ती त्याच्या राज्याची वर्षं मानली तर सगळं पहिल्या शतकात सरकतं, आणि तसं मानणारे अभ्यासक आहेत. हे शिकवल्याचा मला मोठा आनंद झाला होता. वार्षिक परीक्षेत सहकाऱ्याने पेपर काढला, त्यात गौतमीपुत्राचा काळ विचारला, आणि माझ्या एका चांगल्या विद्यार्थ्याने लिहिलं, "याबद्दल मतभेद आहेत." शून्य गुण. त्याचे वडील भेटायला आले. ते शांतपणे म्हणाले, "सर, मतभेद तुम्हाला परवडतात. त्याला गुण हवेत." मी ऐकून घेतलं. पुढे मी मुलांना दोन्ही शिकवू लागलो: परीक्षेत कोणता सन लिहायचा, आणि तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे. ही तडजोड आहे. तिला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत मी बलश्रीचा लेख मागे ठेवला आणि त्याच ओसरीतला एक छोटा हुकूम पुढे आणला. गौतमीपुत्राच्या 24 व्या वर्षाचा. गोवर्धनच्या अमात्याला राजा आणि राजमाता कळवतात की कखडी गावात भिक्षूंना दिलेलं शेत कसलं जात नाही, तिथे वस्तीही नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून 100 निवर्तने त्यांना द्यावीत. कखडीचं हे पडीक शेत म्हणजे तेच, जे सहा वर्षांपूर्वी 200 निवर्तने म्हणून दिलं होतं. गाव का ओस पडलं, ते लेख सांगत नाही, आणि मलाही माहीत नाही. फोटोंसारखा सोयीचा क्रम लावायला मी इथे मोकळा नव्हतो, कारण माझ्याकडेच उत्तर नव्हतं.

मुलं म्हणायची, लढाईमुळे लोक पळाले असतील. दिंडोरीकडची मुलं दुष्काळ म्हणायची. एक जण म्हणाला, "सर, भिक्षूंना दिलं म्हणून कसणारे निघून गेले असतील." आणि मागच्या बाकावरच्या एकाने, ज्याच्या घरी भाऊबंदकीचा खटला चालू होता, विचारलं, "पहिल्यांदा दिली तेव्हाच ती पडीक नसेल कशावरून? सरकार चांगली जमीन देतं होय?"

मी फळ्यावर चारही कारणं लिहिली आणि प्रत्येकापुढे विचारलं: हे खरं असेल तर लेखात आणखी काय सापडायला हवं होतं? मागच्या बाकावरच्याचं कारण 18 व्या वर्षाच्या लेखापाशी अडखळलं, कारण तिथे उषवदात ते शेत तोवर उपभोगत होता असं आहे. तो म्हणाला, "कागदावर उपभोगत असेल." याला मी उत्तर देऊ शकलो नाही. चारही कारणं फळ्यावर तशीच राहिली. पुढच्या तासाला गणिताच्या बाई आल्या, त्यांनी विचारलं हे पुसू का, आणि वर्ग एका सुरात नाही म्हणाला. बाईंनी अर्ध्या फळ्यावर लसावि शिकवला.