दोन दारं आणि एक फुंकर

मागच्या पोस्टवर दोघा-तिघांनी विचारलं होतं, "तुमच्या मेव्हण्याचं फुफ्फुस बदललं म्हणे, म्हणजे नेमकं काय केलं?" फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून इथेच सविस्तर लिहितो. मी कॉमर्सचा माणूस, आयुष्य बँकेत गेलं. पण या प्रकरणाच्या फायली तीन वर्षं मीच सांभाळल्या, त्यामुळे कागद न् कागद पाठ आहे.

मेव्हणा आमच्यापेक्षा बराच लहान, तेव्हा 61 वर्षांचा. क्लॉथ मार्केटमध्ये दुकान. तीस वर्षं सिगारेट ओढली, नंतर सोडली, पण तोवर एम्फिसीमा पुरता बसला होता. आंघोळ करून टॉवेल गुंडाळेपर्यंत धाप लागायची. घरात ऑक्सिजनचं यंत्र चोवीस तास घूं-घूं करायचं.

या आजारात हवा आत घ्यायला त्रास होतो असं आपल्याला वाटतं. खरी अडचण ती बाहेर टाकण्याची असते. फुफ्फुसातले बारीक कप्पे फाटून एकमेकांत मिसळतात, लवचीकपणा जातो, आणि शिळी हवा आतच कोंडून राहते. फुफ्फुसं फुगत जातात आणि खालचा श्वासाचा पडदा, जो घुमटासारखा असायला हवा, तो ताटासारखा सपाट होतो. मग तो खेचणार काय आणि किती? छाती आधीच भरलेली असते.

म्हणून शस्त्रक्रियेचं पहिलं दार ऐकायला उलटं वाटतं: आधीच कमी पडणाऱ्या फुफ्फुसाचा खराब भाग कापून काढायचा. दोन्ही बाजूंचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा गेला की उरलेल्याला पसरायला जागा मिळते आणि पडदा पुन्हा घुमटाकार होतो. मेव्हण्याला हे ऐकून फार आशा वाटली. म्हणाला, "भावोजी, कापून टाकलेलं परवडलं, दुसऱ्याचं लावण्यापेक्षा."

पण हे दार सगळ्यांसाठी उघडत नाही. अमेरिकेत 1218 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली होती, 2003 मध्ये तिचे निकाल आले. ज्यांचा आजार मुख्यतः फुफ्फुसाच्या वरच्या भागात होता आणि व्यायामाची ताकद फार कमी उरली होती, त्यांना चांगला फायदा झाला. ते जगलेही जास्त. मात्र 2001 मध्येच एका गटाची शस्त्रक्रिया थांबवावी लागली होती. ज्यांची पहिल्या सेकंदातली फुंकर अपेक्षेच्या 20 टक्के किंवा त्याहून कमी आहे, आणि शिवाय आजार सगळीकडे सारखा पसरलेला आहे किंवा हवेतून रक्तात वायू जाण्याची क्षमताही 20 टक्क्यांच्या आत आहे, अशांपैकी 16 टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात दगावले. औषधांवर ठेवलेल्या तशाच रुग्णांपैकी त्या महिन्यात कोणीही नाही.

मेव्हण्याची फुंकर 19 टक्के होती, वायूची क्षमता 18, आणि सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुस वरपासून खालपर्यंत सारखंच झिजलेलं. म्हणजे दोन्हीही खाणी भरलेली. हल्ली न कापता, दुर्बिणीतून श्वासनलिकेत एकमार्गी झडपा बसवतात, त्याबद्दलही विचारलं. पण त्यासाठी फुफ्फुसाच्या दोन खंडांमधली भिंत सलग असावी लागते, नाहीतर शेजारच्या खंडातून हवा मागच्या दाराने परत शिरते. त्याची भिंत अर्धवट होती. पहिलं दार बंद.

दुसरं दार प्रत्यारोपणाचं. इथे बँकेच्या माणसाला समजेल असा हिशोब निघाला. वजन-उंचीचं प्रमाण, फुंकर, धाप आणि सहा मिनिटांत चाललेलं अंतर, या चार गोष्टींना गुण देतात, एकूण दहा. जितके जास्त, तितकी परिस्थिती वाईट. सात ते दहा असेल तर प्रतीक्षायादीचा विचार होतो. मेव्हणा सहा मिनिटांत 210 मीटर चालला, म्हणजे 2 गुण. फुंकरीचे 3, धापेचे 3, कमी वजनाचा 1. एकूण 9.

मला आधी वाटलं, 9 गुण म्हणजे काम झालं. तसं नव्हतं. त्याच्यापुढे दुसरी यादी असते: बाकी शरीर हे सगळं झेलेल का? हृदयाची अँजिओग्राफी, मूत्रपिंड, हाडांची घनता, दात, जुन्या टीबीची तपासणी (आपल्याकडे ही फार महत्त्वाची, कारण नंतरच्या औषधांनी झोपलेला टीबी जागा होतो). रक्तात निकोटीनचा अंश आहे का तेही पाहिलं. सोडली असं नुसतं म्हणून चालत नाही. घरातली दोन माणसं कायम सोबत राहतील का, हेही विचारलं. म्हणजे आजारी इतकं असावं की दुसरा उपाय उरला नाही, आणि धड इतकं असावं की उठून चालता येईल. ती खिडकी लहान असते. फार उशीर झाला की माणूस अंथरुणाला खिळतो, आणि मग कोणी घेत नाही.

म्हणून चेन्नईला खोली घेतली. आठ आठवडे ऑक्सिजन लावून ट्रेडमिल, पायांचे व्यायाम, अंडी आणि पनीर. वजन साडेतीन किलो वाढलं. मग वाट पाहणं. रक्तगट जुळायला हवा आणि छातीचं मापही. फुफ्फुस काढल्यावर साधारण सहा तासांच्या आत बसवावं लागतं, त्यामुळे रात्री-अपरात्री फोन. जानेवारी 2023 मध्ये आपल्या इंदूरच्याच एका दात्या बाईंची फुफ्फुसं विमानाने चेन्नईला गेली होती, तुमच्यापैकी काहींनी ते पेपरात वाचलं असेल. मेव्हण्याला एकदा बोलावून, तयार करून परत पाठवलं, कारण आलेलं फुफ्फुस ऐनवेळी योग्य ठरलं नाही. असं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या फोनला दोन्ही फुफ्फुसं मिळाली. नऊ तास टेबलावर, अकरा दिवस आयसीयूत. मग एक दिवस तो ऑक्सिजनशिवाय जिना चढला आणि माझ्या बायकोने तिथेच पायरीवर बसून रडून घेतलं.

आता नंतरचं. एक आजार जाऊन दुसरी नोकरी लागते. सकाळी आठ आणि रात्री आठ, टॅक्रोलिमसची गोळी, मिनिटाची चूक नाही. रक्तात तिची मात्रा मोजायची ती सकाळची गोळी घेण्याआधी. हात थरथरतात, चहाचा कप बशीत वाजतो. स्टेरॉइडने साखर वाढली. सराफ्यातलं खाणं बंद, उघडी चटणी बंद, कुंडीतली माती उकरणं बंद, कारण बुरशीचे कण थेट फुफ्फुसात जातात. सर्दी-तापाला गल्लीतल्या डॉक्टरांची गोळी घ्यायची नाही. काही साधी अँटिबायोटिक्ससुद्धा टॅक्रोलिमसची मात्रा एकदम चढवतात. आधी चेन्नईला फोन, मग गोळी.

रोज सकाळी तो घरच्या छोट्या यंत्रात फुंकर मारतो आणि वहिनी वहीत आकडा लिहितात. स्वतःच्या सगळ्यांत चांगल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांनी घसरला की थांबायचं नाही, ताप नसला तरी. दुसऱ्या वर्षी वहीत 2.4 लिटरचं 2.1 झालं. त्याला काहीच वाटत नव्हतं, दुकानात बसला होता. वहिनींनी हट्टाने नेलं. दुर्बिणीतून तुकडा काढला, शरीराने फुफ्फुस नाकारायला सुरुवात केली होती. तीन दिवस शिरेतून मोठे डोस दिले, 2.3 वर थांबलं.

याच्यापुढची भीती वेगळी आहे. बारीक नळ्या हळूहळू आवळत जातात, त्याला जुनाट नकार म्हणतात, आणि गेलेलं बहुतेक परत येत नाही. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर निम्मे रुग्ण साधारण सहा-सात वर्षं काढतात. हा आकडा सही करण्याआधी त्यालाही सांगितला होता. तेव्हा तो म्हणाला, "भावोजी, माझी आत्ताची वर्षं तुम्ही मोजताय कशी? मी तर तास मोजतोय."

आज वहीत 2.3 आहे. पुढच्या महिन्यात तपासणीला जायचंय, तिकिटं काढून झाली.