पन्नास क्लिकवर लागलेला निकाल

वहिनीचा काळा मसाला वाईट आहे असं कोणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं, चवीचा प्रश्न असतो. पण "या नावाने माल विकला जाणारच नाही" असा निकाल आठवडाही न होता लागला, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचं घर धुळ्याचं. मिरची दोंडाईच्याच्या बाजारातून येते, खोबरं-दगडफूल घरी भाजलं जातं, पाव किलोची पाकिटं. परवाना, लेबल, फोटो सगळं झालं आणि माल एका ऑनलाइन बाजारात चढवला. टायटल दिलं `Khandeshi Kala Masala 250 g`. लिस्टिंग सांभाळायला पैसे देऊन एक सल्लागार नेमले होते. पहिल्या पन्नासेक क्लिकवर ऑर्डर शून्य दिसल्याबरोबर त्यांनी टायटल बदललं. दोन दिवसांनी मुख्य फोटो बदलला, मग किंमत, मग पुन्हा टायटल. वहिनी अहिराणीत म्हणाली, "रोज नाव बदलतस, मंग लोक वळखतीन कसा?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर कागद घेऊन बसलो. मसाला खरोखर चांगला चालतोय आणि येणाऱ्या शंभरांतले दोन जण घेतात, असं धरा. म्हणजे एक माणूस न घेता जाण्याची शक्यता 0.98. पन्नास जण ओळीने न घेता जाण्याची शक्यता काढायला 0.98 ला पन्नास वेळा गुणायचं. उत्तर येतं सुमारे 0.36. म्हणजे उत्तम चालणारी लिस्टिंगसुद्धा तीनातून एकदा तरी पन्नास क्लिकवर शून्यच दाखवणार. त्या शून्यावर आमचं टायटल फासावर गेलं! तीच गुणाकाराची रांग दीडशेपर्यंत नेली तर शक्यता पाच टक्क्यांवर येते. दीडशे क्लिक होऊनही शून्य असेल तर शंभरात दोन घेत नाहीत, असं म्हणायला आधार मिळतो. शंभरात एकाचीच अपेक्षा असेल तर मात्र तीनशे क्लिक लागतात. थोडक्यात, तीनला अपेक्षित प्रमाणाने भागायचं.

शिवाय त्या पन्नासांतले कितीतरी क्लिक आमच्याच नातेवाइकांचे होते. लिंक घरच्या ग्रुपवर टाकली होती. सुरत-पुण्याच्या मंडळींनी कौतुकाने उघडून पाहिली. मसाला त्यांना घरूनच मिळतो, ते विकत कशाला घेतील?

आणि मुळात क्लिक आल्यावर ऑर्डर न येणं हा टायटलचा गुन्हाच नव्हे. शोधताना माणसाला दिसतं ते टायटल, मुख्य फोटो आणि किंमत. त्यांचा हिशोब म्हणजे किती जणांना दिसलं आणि त्यांतल्या किती जणांनी उघडलं. आत आल्यावर काम करतात बाकीचे फोटो, वर्णन, डिलिव्हरीचा खर्च, इतरांचे अभिप्राय. आमची लिस्टिंग तेव्हा पाच हजारांच्या आसपास वेळा दिसली होती, म्हणजे शंभराला एक क्लिक. तो कमी असेलही, पण त्यावर कोणी बोललंच नाही.

करार संपल्यावर मी टायटल पहिलं ठेवलं आणि कशालाही हात लावला नाही. दिवसाला आठ-दहा क्लिक येत होते, म्हणजे दीडशेला अडीच आठवडे. पण शनिवार-रविवारी गिऱ्हाईक वेगळं वागतं, म्हणून आठवडे पूर्ण धरून तीन. शेवटी सुमारे एकशे ऐंशी क्लिकवर चार ऑर्डरी आल्या. चारावरून फार उड्या मारता येत नाहीत. खरं प्रमाण शंभरात एकही असू शकतं, पाचही. पण लिस्टिंग मेलेली नाही एवढं नक्की झालं. मग फक्त मुख्य फोटो बदलला आणि नव्याने मोजायला सुरुवात केली.

थांबणं सगळीकडे बरोबर असतं असंही नाही. लिस्टिंग कोणाला दिसतच नसेल तर क्लिकची वाट पाहत बसू नये. विभाग चुकलाय का, स्टॉक शून्य पडलाय का, लोक जे शब्द टाकतात ते टायटलमध्ये आहेत का, हे दोन-तीन दिवसांतच तपासावं. फोटोतलं वजन आणि वर्णनातलं वजन जुळत नसेल तर ते त्याच क्षणी दुरुस्त करावं, त्याला आकडेमोड लागत नाही.

आता खरं सांगायचं तर त्या सल्लागारांची घाईही थोडी कळते. घरात दळलेला मसाला पडून असतो, वास उतरत जातो, मिरचीचे पैसे अडकलेले असतात आणि मी रोज फोन करून "ऑर्डर आली का?" विचारत होतो. अशा माणसाला "तीन आठवडे गप्प बसा" कोण सांगणार? तरीही पैसे घेणाऱ्याने ते सांगायलाच हवं होतं. सल्लागार नेमणाऱ्याने पहिल्याच दिवशी त्यांना विचारावं: किती क्लिकनंतर निकाल देणार, आणि तोवर काय काय बदलणार नाही? आकडा लिहून द्यायला तयार नसतील, तर काम देऊ नये.