रिपोर्ट नॉर्मल, आग मात्र खरी

जननेंद्रियाच्या दुखण्याविषयी आपल्या घरांत मोकळेपणाने बोलले जात नाही. बाई फार तर ‘खाली आग होते’ एवढे तीन शब्द उच्चारते आणि गप्प होते. त्या तीन शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यायला मला, एका जनरल प्रॅक्टिशनरला, बरीच वर्षे लागली. त्याची ही हकिगत. रुग्ण ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

एकतीस वर्षांची एक शिक्षिका माझ्याकडे वर्षभर येत होती. योनीच्या तोंडाशी मिरची लागल्यासारखी आग होते, एसटीत बसून शाळा गाठेपर्यंत ती वाढते आणि पतीशी संबंध तर अशक्य झाला आहे, अशी तिची तक्रार. पहिल्या वेळी मी बुरशीच्या संसर्गाची गोळी आणि मलम दिले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळीही तेच दिले, आणि तिन्ही वेळा तपासणी न करता केवळ ऐकून दिले. चौथ्या खेपेस तिने जाड फाइल टेबलावर ठेवली. लघवीचे रिपोर्ट, स्रावाचे स्वॅब, साखर, सोनोग्राफी, सगळे नॉर्मल. ती म्हणाली, “मॅडम, घरचे म्हणतात हे मनाचे खेळ आहेत. रिपोर्टमध्ये काहीच नाही, म्हणजे मी खोटं बोलते का?”

या प्रश्नाचे उत्तर त्या तपासण्या काय शोधतात यातच आहे. लघवीच्या तपासणीत पूपेशी आणि जंतू पाहतात. स्वॅबमध्ये बुरशी किंवा जिवाणू शोधतात. सोनोग्राफी गर्भाशय आणि बीजांडे दाखवते. त्वचेतील मज्जातंतू किती सहज चेततात, हे यांपैकी एकही तपासणी मोजत नाही. हिरव्या मिरच्या चिरल्यावर हात तासभर पेटलेला असतो. त्या हाताचा फोटो काढला तर तो अगदी निरोगी दिसेल. मिरचीतील द्रव्य त्वचेला जखम करत नाही, ते उष्णतेची जाणीव करून देणारे मज्जातंतू चेतवते. आग खरी असते, जखम नसते. या दुखण्यात मिरचीशिवायच तसे घडते.

वैद्यकशास्त्रात याला व्हल्वोडिनिया म्हणतात. बाह्य जननेंद्रियाचे दुखणे किमान 3 महिने टिकले आणि त्यामागे संसर्ग, त्वचारोग, गाठ असे स्पष्ट कारण सापडले नाही, तर हे नाव दिले जाते. काहींना आग दिवसभर असते. काहींना ती केवळ स्पर्शाने, म्हणजे संबंधाच्या वेळी, टॅम्पॉन घालताना किंवा घट्ट कपड्याने उद्भवते. माझ्या रुग्णाचे दुखणे या दुसऱ्या प्रकारचे होते.

त्या दिवशी मी तिला प्रथमच नीट तपासले. उजेडात पाहिले, फोड, चिरा, पांढरे चट्टे काहीही नव्हते. मग कापूस गुंडाळलेली साधी काडी ओलसर केली. कुठे किती दुखते ते शून्य ते दहा या मापात सांगा, असे तिला म्हटले. आधी मांडीला स्पर्श केला, तिथे शून्य. बाहेरच्या ओठांनाही शून्य. मग योनीच्या तोंडाभोवतीच्या नाजूक कड्यावर, घड्याळाच्या तबकडीप्रमाणे एकेका जागी हलकेच काडी टेकवली. वरच्या बाजूस दोन, खाली पाच ते सातच्या दरम्यान आठ. तिने टेबलाची कड घट्ट पकडली होती. पिसासारख्या स्पर्शाने एवढ्या वेदना व्हाव्यात आणि बोटभर अंतरावर काहीच नसावे, हेच या दुखण्याचे लक्षण. ही चाचणी दोन मिनिटांची आणि जवळजवळ फुकट आहे. ती वर्षभर झाली नव्हती, आणि तो दोष माझा होता.

मात्र व्हल्वोडिनिया हा निष्कर्ष इतर कारणे वगळल्यावरच काढायचा असतो. बुरशीत बहुधा खाज प्रमुख असते आणि दह्याच्या कवडीसारखा स्राव जातो. शंका असल्यास औषध सुरू करण्यापूर्वीच स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा आणि कल्चरला पाठवावा. पाळी थांबल्यानंतर किंवा बाळ अंगावर पीत असताना इस्ट्रोजेन कमी झाल्यानेही आग होते आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. पांढरे पातळ चट्टे, बरी न होणारी जखम, गाठ किंवा रक्त दिसल्यास स्त्रीरोगतज्ज्ञाकडे त्वरित जायला हवे.

हे मज्जातंतू असे का वागू लागतात? वारंवार झालेला संसर्ग किंवा दाह हे एक निमित्त असू शकते. काही स्त्रियांच्या या भागातील त्वचेत मज्जातंतूंचे जाळे अधिक दाट आढळले आहे. सर्वांना लागू पडेल असे एकच कारण अद्याप हाती आलेले नाही. पण पुढचे चक्र मात्र स्पष्ट दिसते. दुखेल या भीतीने ओटीपोटाच्या तळाचे, झोळीसारखे पसरलेले स्नायू आवळले जातात. आवळलेले स्नायू स्वतःच दुखतात आणि दार आणखी अरुंद करतात. मेंदूही वेदनेची वाट पाहू लागतो.

म्हणून उपचारही त्या चक्रावर केले. प्रथम मी माझीच मलमे बंद केली, कारण त्यांतील काही घटक नाजूक त्वचेला चरचरतात. सुगंधी साबण आणि जंतुनाशक द्राव सोडून तिने केवळ साधे पाणी आणि सुती अंतर्वस्त्रे वापरली. दुसरे, पेल्विक फ्लोअरचे काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे तिला पाठवले. येथे एक चूक वारंवार होते: हे स्नायू आवळून धरण्याचे व्यायाम सुचवले जातात. तिचे स्नायू आधीच आवळलेले होते, तिला ते सैल सोडायला शिकायचे होते. पोटाने संथ श्वास घेत ती ते शिकली. कॅनडातील 2021 सालच्या एका अभ्यासात दोनशेहून अधिक स्त्रियांत अशी फिजिओथेरपी रात्री लावण्याच्या लिडोकेन मलमापेक्षा सरस ठरली.

तिसरे, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्रॅम सुरू केले. चिठ्ठीवरचे नाव शोधून ती घाबरून आली, “हे तर नैराश्याचं औषध आहे.” मी समजावले, की अल्प मात्रेत ते मज्जातंतूंच्या वेदनेसाठी वापरतात. सुस्ती येते, तोंड कोरडे पडते, परिणामाला काही आठवडे लागतात, ते एकाएकी थांबवू नये. सर्वांनाच त्याचा गुण येतो असे नाही, आणि हृदयाच्या किंवा काचबिंदूच्या रुग्णांनी ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.

तिच्या पतीलाही मी एकदा बोलावले. पत्नी टाळते म्हणजे तिला आपला कंटाळा आला, असे तो समजून बसला होता. काही महिने संबंध थांबवा, बाकी जवळीक थांबवू नका, एवढेच त्याला सांगितले. सहा महिन्यांनी त्याच जागी काडी टेकवली तेव्हा आठाचे तीन झाले होते. शून्य नव्हे. पण एसटीतला तासाभराचा प्रवास ती बसून करू लागली होती.

वाचकहो, तुमच्या घरात कुणी असे तीन शब्द उच्चारले आणि रिपोर्ट स्वच्छ निघाले, तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: प्रत्यक्ष तपासणी झाली का, आणि कापसाच्या काडीने नेमकी जागा शोधली का. त्या शिक्षिकेची जुनी फाइल आजही माझ्या कपाटात आहे. तिच्यातला एकही रिपोर्ट चुकीचा नव्हता. त्यांना विचारलेला प्रश्न निराळा होता, इतकेच.